मालकांच्या सर्वेक्षणातील क्रमवारी पाहून गाड्यांची यादी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाधानाची क्रमवारी आणि विश्वासार्हतेची क्रमवारी यांत फरक काय? जी गाडी बिघडत नाही तिचा मालक समाधानी असणारच ना?

तसे गृहीत धरता येत नाही. अमेरिकेतील एका प्रसंगातून हे नीट समजते. तेथील कन्झ्युमर रिपोर्ट्स ही १९३६ साली स्थापन झालेली ग्राहकसंस्था जाहिराती घेत नाही आणि चाचणीसाठी लागणाऱ्या गाड्या स्वतः विकत घेते. ऑगस्ट २०१५ मध्ये या संस्थेने टेस्ला मॉडेल एसच्या एका प्रकाराला चाचणीत शंभरपैकी चक्क १०३ गुण दिले आणि त्यासाठी तिला आपली गुणपद्धतीच बदलावी लागली. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, सुमारे १,४०० मालकांच्या उत्तरांच्या आधारे, तिने त्याच गाडीची शिफारस मागे घेतली, कारण गाडी सरासरीपेक्षा जास्त बिघडेल असा अंदाज त्या उत्तरांवरून निघत होता. चाकांना शक्ती पुरवणारी यंत्रणा, चार्जिंगचे भाग, मधला मोठा स्क्रीन, खडखड करणारे किंवा गळणारे सनरूफ अशा तक्रारी होत्या. तरीही संस्थेच्या समाधान-सर्वेक्षणात मॉडेल एसच्या ९७ टक्के मालकांनी पुन्हा हीच गाडी नक्की घेऊ असे सांगितले होते.

दोन्ही आकडे एकाच वेळी खरे होते. विश्वासार्हतेचा प्रश्न गेल्या बारा महिन्यांत गाडीत काय बिघडले हा असतो, तर समाधानाचा प्रश्न आज निर्णय घ्यायचा झाला तर हीच गाडी घ्याल का हा असतो. बिघाड वॉरंटीत फुकट दुरुस्त झाला, कंपनीने तत्परतेने गाडी नेऊन परत आणून दिली आणि चालवण्याचा आनंद मोठा असला, तर माणूस बिघाड सोसूनही समाधानी राहतो. मात्र तीच गाडी वॉरंटी संपल्यावर सेकंडहँड घेणाऱ्याला त्या ९७ टक्क्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून कोणताही आकडा हाती आला की त्यामागे मालकाला कोणता प्रश्न विचारला होता हे आधी शोधावे. प्रश्न कोठेच छापलेला नसेल, तर ती क्रमवारी बाजूला ठेवावी.

'दर शंभर गाड्यांमागे तक्रारी' या मापात नेमके काय मोजतात?

हे माप जे. डी. पॉवर या अमेरिकी संस्थेमुळे रूढ झाले. तिचे दोन अभ्यास सर्वांत जास्त उद्धृत केले जातात. एकात नवी गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांतील तक्रारी मोजतात आणि दुसऱ्यात तीन वर्षे झालेल्या गाड्यांच्या पहिल्या मालकांना विचारतात. शंभर गाड्यांच्या मालकांनी मिळून १९० तक्रारी सांगितल्या, तर आकडा १९० होतो, म्हणजे आकडा जितका कमी तितके चांगले.

अडचण अशी की 'तक्रार' या एकाच खात्यात फार वेगवेगळ्या गोष्टी जमा होतात. फोन गाडीच्या स्क्रीनला नीट जोडला जात नाही हीही एक तक्रार आणि गिअरबॉक्स निकामी झाला हीही एकच तक्रार. तीन वर्षांच्या गाड्यांच्या २०२४ सालच्या अभ्यासात सर्व ब्रँड मिळून सरासरी १९० होती आणि त्यातल्या सुमारे ४९ तक्रारी केवळ स्क्रीन, फोनची जोडणी, आवाजावर चालणाऱ्या सूचना अशा मनोरंजन-माहिती यंत्रणेच्या होत्या. इतक्या तक्रारी दुसऱ्या कोणत्याही गटात नव्हत्या. त्यामुळे ज्याला स्क्रीनशी फारसे देणेघेणे नाही, पण गाडी दहा वर्षे वापरायची आहे, त्याने एकूण आकडा पाहून घेतलेला निर्णय त्याच्या स्वतःच्या गरजेला धरून असेलच असे नाही.

याशिवाय रचनेबद्दलची नाराजीही तक्रार म्हणूनच धरली जाते. नव्या गाड्यांच्या २००३ सालच्या अभ्यासात हमर हा ब्रँड तळाला गेला होता आणि त्यामागचे मोठे कारण इंधन फार लागते या तक्रारी होते. अजस्र गाडी भरपूर पेट्रोल पिते, यात बिघाड काही नाही. पण मालकाने ती तक्रार म्हणून सांगितली की ती मोजली जाते.

कन्झ्युमर रिपोर्ट्सची पद्धत वेगळी आहे. तेथे इंजिन, गिअरबॉक्स, विजेच्या गाडीची बॅटरी अशा मोठ्या बिघाडांना जास्त वजन असते, आणि खर्च, सुरक्षितता किंवा गाडी बंद पडून राहणे यांमुळे मालकाला गंभीर वाटलेलेच बिघाड सांगायला सांगतात. एकच ब्रँड एका यादीत वर आणि दुसऱ्या यादीत मधोमध दिसला, तर बहुतेक वेळा कारण मोजण्याची पद्धत हेच असते.

पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकात खरोखर किती अंतर असते?

क्रमांक पाहून हे कधीच कळत नाही, त्यासाठी मूळ आकडाच पाहावा लागतो. वर उल्लेखलेल्या २०२४ च्या अभ्यासात लेक्ससचा आकडा १३५, टोयोटाचा १४७ आणि ब्यूकचा १४९ होता. टोयोटा आणि ब्यूक यांच्यातील अंतर म्हणजे दर शंभर गाड्यांमागे दोन तक्रारी, म्हणजे पन्नास मालकांत मिळून एक जास्तीची तक्रार. एकेका ब्रँडच्या सुमारे ८०० मालकांनी उत्तरे दिली असे क्षणभर धरले, तरी केवळ कोणते ८०० मालक सापडले यावर प्रत्येक आकडा आठनऊ अंकांनी इकडेतिकडे होऊ शकतो. तेव्हा हे दोन ब्रँड एकाच पातळीवरचे समजावेत. लेक्सस आणि १९० ही सरासरी यांच्यातील ५५ चे अंतर मात्र अशा योगायोगाने पडत नाही.

बातम्यांत नेमके उलटे होते. 'अमुक ब्रँड तीन स्थानांनी घसरला' असा मथळा येतो आणि ती घसरण दीड-दोन अंकांची असते. यादीच्या मधल्या भागात ब्रँड इतके दाटीवाटीने बसलेले असतात की नमुना थोडा बदलला तरी पाच-सहा स्थाने सहज हलतात. म्हणून क्रमांक न पाहता वरचा गट, मधला गट आणि खालचा गट असे तीनच भाग करावेत आणि गाडी त्यांपैकी कोणत्या गटात सलग दोन-तीन वर्षे आहे ते पाहावे.

नमुना किती मोठा असला म्हणजे भरवसा ठेवावा?

हे प्रश्नावर अवलंबून आहे. 'समाधानी आहात का' यासारख्या प्रश्नाला ८० टक्के लोकांनी हो म्हटले असेल आणि उत्तरे १०० जणांची असतील, तर खरा आकडा साधारण ७२ ते ८८ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. उत्तरे ४०० असतील तर ही पट्टी ७६ ते ८४ अशी आखडते आणि १,६०० असतील तर ७८ ते ८२ होते. नमुना चौपट केला तेव्हा अनिश्चितता निम्मी झाली, हे यात लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यामुळे 'आमच्याकडे पन्नास हजार मालकांची उत्तरे आहेत' हे वाक्य ऐकून लगेच समाधान मानू नये. ती उत्तरे ब्रँड, मॉडेल, वर्ष आणि इंजिन यांत विभागली की तुमच्या मॉडेलच्या वाट्याला किती येतात हे महत्त्वाचे. कन्झ्युमर रिपोर्ट्सकडे एका वर्षात सुमारे तीन लाख गाड्यांची माहिती गोळा होते, तरीही एका मॉडेलच्या एका वर्षासाठी सामान्यतः २०० ते ४०० गाड्यांचीच असते. एखाद्या मॉडेलची उत्तरे फार कमी असतील तर त्या ब्रँडचा इतिहास आणि तेच भाग वापरणाऱ्या इतर गाड्या पाहून अंदाज बांधला जातो. म्हणजे दिसणारे मानांकन त्या गाडीच्याच मालकांचे असेल असे नाही.

मोठा पण क्वचित होणारा बिघाड शोधायचा असेल तर हे नमुनेही अपुरे पडतात. पन्नास मालकांपैकी एकाच्याही गिअरबॉक्समध्ये बिघाड झाला नाही हे ऐकायला फार आश्वासक वाटते. पण एकही घटना न दिसल्यास तीनला नमुन्याच्या संख्येने भागावे, असा एक सोपा ठोकताळा संख्याशास्त्रात आहे. तीन भागिले पन्नास म्हणजे सहा टक्के. म्हणजे खरे प्रमाण शून्यापासून सहा टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते आणि सहा टक्के हे गिअरबॉक्सच्या बाबतीत फारच वाईट प्रमाण आहे.

कमी विकल्या जाणाऱ्या गाड्या यादीच्या अगदी वर किंवा अगदी खाली का दिसतात?

लहान नमुन्याची सरासरी जास्त हेलकावे खाते म्हणून. तीस मॉडेलांच्या यादीत ज्यांची उत्तरे चाळीस-पन्नासच आहेत ती मॉडेले नशिबाने टोकाला जाण्याची शक्यता जास्त असते आणि पुढच्या वर्षी तीच मॉडेले मधोमध येऊन बसतात. एकाच वर्षी पहिली आलेली आणि आधीच्या यादीत कोठेही नसलेली गाडी दिसली की तिच्या उत्तरांची संख्या सर्वांत आधी तपासावी.

उत्तरे देणारे मालक सर्व मालकांचे प्रतिनिधी असतात का?

पूर्णपणे कधीच नसतात. प्रश्न एवढाच की ते कोणत्या बाजूला झुकलेले आहेत, आणि हे कळण्यासाठी त्यांना कोठून शोधले ते पाहावे लागते.

वाहननोंदणीच्या यादीतून मालक निवडून त्यांना प्रश्नावली पाठवणे ही तुलनेने चांगली पद्धत, पण तिलाही भगदाडे असतात. अमेरिकेतील काही राज्यांत मालकांशी संपर्क साधायला कंपनीची परवानगी लागते. जे. डी. पॉवरच्या नव्या गाड्यांच्या २०२० च्या अभ्यासात टेस्लाने अशा १५ राज्यांत परवानगी दिली नव्हती. उरलेल्या राज्यांतील मालकांवरून तिचा दर शंभर गाड्यांमागे तक्रारींचा आकडा २५० निघाला, तर सर्वांची सरासरी १६६ होती, पण टेस्लाला अधिकृत क्रमवारीत जागा दिली गेली नाही. हे योग्यच होते, कारण वगळलेली राज्ये उरलेल्यांसारखीच आहेत असे कोणीही ठामपणे सांगू शकत नव्हते. तळटीप न वाचता तो आकडा इतरांशेजारी ठेवणाऱ्यांची मात्र कमतरता नव्हती.

संस्थेच्या सदस्यांना विचारणे ही दुसरी पद्धत. सदस्य हे मुळातच चौकस ग्राहक असतात. ते गाडीची सर्व्हिस वेळेवर करतात आणि विश्वासार्ह म्हणून नावाजलेल्या गाड्याच जास्त घेतात. त्यामुळे त्यांचे आकडे सरसकट सर्व मालकांपेक्षा थोडे बरे निघू शकतात. परंतु हा झुकाव सर्व ब्रँडना साधारण सारखाच लागू होत असल्याने तुलना फारशी बिघडत नाही.

कोणालाही उत्तर देता येईल असा उघडा फॉर्म किंवा संकेतस्थळावरील तारे ही तिसरी आणि सर्वांत कच्ची पद्धत. येथे दोनच प्रकारचे लोक आवर्जून लिहितात. ज्यांच्या हाती गेल्या आठवड्यात चावी आली ते लिहितात आणि ज्यांची गाडी तीन वेळा वर्कशॉपमध्ये जाऊन आली तेही लिहितात. चार वर्षे निमूटपणे गाडी चालवणारा मोठा वर्ग लिहीतच नाही. अशा ठिकाणी सरासरी ताऱ्यांकडे लक्ष न देता, ज्यांनी किलोमीटर आणि खरेदीची तारीख लिहिली आहे तेवढीच मते वाचावीत.

आणखी एक गळती सहज नजरेतून सुटते. फक्त पहिल्या मालकांना विचारले जाते तेव्हा ज्यांनी त्रासून दुसऱ्या वर्षी गाडी विकली ते नमुन्यातून आपोआप बाहेर पडतात. तीन वर्षांनंतरही गाडी ठेवणारे लोक साहजिकच अधिक समाधानी असतात.

सर्व्हिसनंतर 'कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा द्या' असे सांगतात. या गुणांना काही किंमत आहे का?

गाडीबद्दल म्हणून जवळजवळ काहीच नाही. हे दृश्य पुण्यापासून पणजीपर्यंत कोणत्याही सर्व्हिस सेंटरवर दिसते. बिल भरून झाले की सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हात जोडून सांगतो की साहेब, आठ-नऊ दिले तर आमचे नापासच धरतात, काही राहिले असेल तर मला सांगा, फोनवर मात्र दहाच द्या. त्याचा बोनस त्यावर ठरतो आणि ग्राहकालाही त्या माणसाशी पुढे संबंध ठेवायचे असतात, म्हणून तो दहा देतो. अशा गुणांतून डीलरमधील आणि कंपन्यांमधील फरक पुसला जातो. ९.६ आणि ९.४ यांच्यातील अंतर सर्व्हिसचे आहे की विनवणीचे, हे बाहेरच्या माणसाला ओळखता येत नाही.

एखाद्या जाहिरातीत 'ग्राहक समाधानात प्रथम' असे दिसले तर तीन गोष्टी शोधाव्यात. सर्वेक्षण कंपनीने स्वतः केले की बाहेरच्या संस्थेने, ते गाडीबद्दल होते की विक्रीच्या वेळच्या वागणुकीबद्दल किंवा सर्व्हिसबद्दल, आणि ते कोणत्या वर्षीचे होते. शोरूममध्ये नीट वागवले जाणे आणि गाडी नीट चालणे या दोन गोष्टींचे पुरस्कार स्वतंत्र असतात, पण जाहिरातीत ते एकाच ठळक ओळीत येतात.

एकाच गाडीच्या दोन ब्रँडना वेगळे गुण कसे मिळतात?

सर्वेक्षण किती नेमके आहे हे तपासण्याची ही सर्वांत चांगली संधी आहे, म्हणून या प्रश्नावर थोडे थांबतो. मारुती सुझुकीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा घ्या. जून २०१९ मध्ये आलेली ग्लान्झा मुळात बलेनोच होती. इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा सारे तेच, आणि बनतही होती सुझुकीच्याच कारखान्यात. तेव्हा एखाद्या यादीत यांतील एकीच्या इंजिनाला पाचपैकी चार आणि दुसरीच्या इंजिनाला पाचपैकी तीन गुण दिसले, तर हा फरक लोखंडातून आलेला नाही. तो नमुन्यातून, मालकांच्या अपेक्षांतून किंवा ब्रँडच्या नावामुळे मनात आधीच असलेल्या विश्वासातून आला आहे. त्या यादीत इतर दोन गाड्यांमध्येही तेवढाच फरक दिसत असेल, तर त्यालाही फार महत्त्व देण्याचे कारण नाही.

समाधानातील फरक मात्र खरा असू शकतो. सुरुवातीला ग्लान्झाला तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी होती आणि बलेनोला दोन वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरची. मारुतीने आपली वॉरंटी २०२४ मध्ये तीन वर्षे आणि एक लाख किलोमीटर केली. त्याआधी तिसऱ्या वर्षी तोच भाग गेला तर ग्लान्झाच्या मालकाला तो फुकट मिळत होता आणि बलेनोच्या मालकाला खिशातून पैसे द्यावे लागत होते. दोघांचे समाधान वेगळे असण्यात काहीच नवल नाही. दुसऱ्या बाजूने, मारुतीचे सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावीही असते आणि टोयोटाच्या सेंटरसाठी अनेकदा जिल्ह्याच्या शहरात जावे लागते. उदगीर किंवा कणकवलीच्या ग्राहकाला हा मुद्दा वॉरंटीइतकाच मोलाचा आहे आणि देशभराच्या सरासरीत तो दिसणार नाही.

डिझेल गाड्यांच्या तक्रारी जास्त दिसतात. डिझेल टाळावे का?

आधी किलोमीटर पाहा. बहुतेक क्रमवाऱ्या गाडीमागे तक्रारी मोजतात, किलोमीटरमागे मोजत नाहीत. डिझेल घेणारा माणूस सहसा जास्त चालवतो म्हणूनच डिझेल घेतो. वर्षाला २० हजार किलोमीटर चालणारी डिझेल गाडी तीन वर्षांत ६० हजारांवर पोहोचते, तर वर्षाला आठ हजार चालणारी पेट्रोल गाडी २४ हजारांवर असते. क्लचप्लेट, ब्रेक, सस्पेन्शनचे रबरी बूश यांची झीज साहजिकच पहिल्या गाडीत आधी दिसेल.

उलट, डिझेलची एक अडचण सरासरीत झाकली जाते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर आला. तो स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग आणि वेगात चालावी लागते. नाशिक-मुंबई ये-जा करणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, आणि रोज तीन किलोमीटरवर मुलांना शाळेत सोडणाऱ्याच्या डॅशबोर्डवर त्याचा दिवा पुन्हापुन्हा लागतो. दोघांची उत्तरे एकत्र केली की मध्यम आकडा येतो आणि तो दोघांनाही लागू पडत नाही. त्यामुळे सरासरी आकड्यापेक्षा, आपल्यासारखा वापर करणाऱ्या मालकांनी काय सांगितले ते शोधणे जास्त उपयोगाचे आहे.

परदेशातील सर्वेक्षणे भारतातल्या खरेदीसाठी चालतात का?

न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाने तेथील सर्वेक्षणे जरूर वापरावीत, कारण ती त्यांच्याच बाजारातील गाड्यांची आहेत. भारतात मात्र नाव एक असले तरी गाडी तीच असेल असे नाही. जीप कंपास अमेरिकेत पेट्रोल इंजिनावर विकली गेली, तर भारतात तिची ओळख दोन लिटरच्या डिझेल इंजिनाने झाली. तिच्या अमेरिकी मालकांच्या इंजिनाबद्दलच्या तक्रारी येथे अप्रस्तुत ठरतात. ब्रँडची सर्वसाधारण परंपरा आणि समान इलेक्ट्रॉनिक यंत्रणेबद्दलचे मत एवढेच फार तर घेता येते.

जे. डी. पॉवरने भारतातही १९९७ पासून नव्या गाड्यांच्या गुणवत्तेचे अभ्यास केले. पण त्यांत मालकाला खरेदीनंतर काही महिन्यांतच विचारले जाई. आपल्याकडे गाडी आठ-दहा वर्षे वापरण्याचा रिवाज असताना, त्या उत्तरांवरून सातव्या वर्षीच्या खर्चाबद्दल काही सांगता येत नाही.

जर्मनीतील ट्यूव्ह या संस्थेचा अहवाल आणि एडीएसी या वाहनचालक संघटनेची आकडेवारी यांचा उल्लेखही वारंवार होतो. ही मालकांची मते नाहीत. पहिली सक्तीच्या तपासणीत आढळलेल्या दोषांची नोंद आहे आणि दुसरी रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या मदतीची. मतांचा झुकाव टळतो हा त्यांचा मोठा गुण. परंतु तपासणीत दिवे, ब्रेक, सस्पेन्शन पाहतात, स्क्रीन किंवा गिअरबॉक्सचा झटका पाहत नाहीत. शिवाय अनेक कंपन्या स्वतःची रस्त्यावरील मदत देत असल्याने बंद पडलेली प्रत्येक गाडी संघटनेच्या नोंदीत येत नाही.

प्रत्यक्ष यादी करताना हे सारे कसे वापरावे? एक उदाहरण द्याल का?

काल्पनिक आकडे घेऊ. एका कुटुंबाला साधारण बारा लाखांत ऑटोमॅटिक गाडी हवी आहे. वर्षाचे चालणे नऊ हजार किलोमीटर, तेही बहुतेक शहरात, आणि गाडी आठ वर्षे ठेवायची आहे. एका सर्वेक्षणात 'अ' गाडीचे ८६ टक्के मालक समाधानी आहेत आणि उत्तरे ९० जणांची आहेत. 'ब' गाडीचे ८० टक्के समाधानी आहेत आणि उत्तरे १४० जणांची. क्रमवारीत 'अ' दुसरी आणि 'ब' नववी आहे.

पहिल्या आकड्याभोवती सुमारे सात टक्क्यांची आणि दुसऱ्याभोवतीही जवळपास तेवढीच अनिश्चितता आहे. दोन्ही मिळून पाहिले तर 'अ' ही 'ब'पेक्षा सोळा टक्क्यांनी चांगली असण्यापासून ते चार टक्क्यांनी वाईट असण्यापर्यंत सारे शक्य आहे. म्हणजे दुसरी आणि नववी ही स्थाने विसरून दोन्ही गाड्या यादीत ठेवाव्यात.

आता आत शिरावे. 'अ'च्या ९० उत्तरांपैकी ऑटोमॅटिकच्या मालकांची समजा २५ आहेत. येथे एक माणूस म्हणजे चार टक्के. तीन जणांनी मत बदलले तर आकडा बारा टक्क्यांनी हलतो. बाकीचे ६५ मालक मॅन्युअल चालवतात आणि त्यांच्या क्लच-गिअरबद्दलच्या समाधानाचा या कुटुंबाशी काहीही संबंध नाही. टक्केवारी येथे सोडून द्यावी आणि त्या २५ जणांनी लिहिलेल्या तक्रारी शब्दशः वाचाव्यात. समजा त्यांतल्या चौघांनी, एकमेकांशी संबंध नसताना, चढावर किंवा वाहतूककोंडीत गिअरबॉक्स तापल्याचा इशारा येतो असे लिहिले आहे. चार या संख्येवरून प्रमाण ठरवता येत नाही, पण एकच दोष, एकाच परिस्थितीत, वेगवेगळ्या मालकांना दिसणे हा धागा पक्का आहे. सर्वेक्षणाचा माझ्या मते सर्वांत चांगला उपयोग येथे होतो, कारण पुढे नेमके काय विचारायचे ते त्यातून कळते.

मग त्या एका दोषाचा पाठपुरावा करावा. चाचणीसाठी गाडी घेताना शोरूमसमोरचा मोकळा रस्ता न घेता संध्याकाळच्या कोंडीत अर्धा तास चालवून पाहावी. सर्व्हिस सेंटरवर या दोषासाठी कोणता भाग बदलतात, तो किती दिवसांत मिळतो आणि वॉरंटीनंतर त्याची किंमत किती, हे विचारावे आणि भागाच्या किमतीचा अंदाज लेखी मागावा. एक्सटेंडेड वॉरंटीच्या कागदावर गिअरबॉक्सचा नियंत्रक आणि क्लच यांचा समावेश आहे की नाही ते पाहावे, कारण झिजणारा भाग म्हणून क्लच बहुतेकदा वगळलेला असतो. वाहन-उद्योगांची संघटना सियाम आपल्या संकेतस्थळावर स्वेच्छेने केलेल्या रिकॉलची माहिती देते, तीही या मॉडेलसाठी पाहावी. रिकॉल झालेला असणे हे वाईटच लक्षण असते असे नाही. कंपनीने दोष मान्य करून भाग बदलून दिला असेल, तर त्यानंतर बनलेल्या गाड्यांबद्दल जुन्या मालकांची तक्रार लागू राहत नाही.

'ब'बद्दलही हेच करावे, आणि तेथे असा एकही समान धागा सापडला नाही तरी ती निर्दोष आहे असे मानू नये. तिच्या ऑटोमॅटिकच्या उत्तरांची संख्या चाळीस असेल, तर वरच्या ठोकताळ्याने सात-साडेसात टक्क्यांपर्यंतचा दोष लपून राहू शकतो.

गाडी बाजारात येऊन सहाच महिने झाले आहेत. तिच्यासाठी कोणते सर्वेक्षण पाहावे?

तिच्या टिकाऊपणाबद्दल कोणतेही सर्वेक्षण काही सांगू शकत नाही, कारण तीन वर्षांच्या गाड्यांचा २०२४ चा अभ्यासही २०२१ च्या मॉडेलांचाच होता. 'अपेक्षित विश्वासार्हता' असे मानांकन दिसले तर ते आधीच्या पिढीवरून किंवा ब्रँडच्या इतिहासावरून काढलेले असते. ते कितपत लागू पडते हे गाडीत काय नवे आहे यावर ठरते. फेसलिफ्टमध्ये केवळ बंपर, दिवे आणि सीटचे कापड बदलले असेल आणि इंजिन-गिअरबॉक्स पाच वर्षांपासून तेच असेल, तर जुन्या मालकांची उत्तरे यांत्रिक भागांसाठी निःशंक वापरावीत. इंजिन तेच पण स्क्रीन आणि सारी वायरिंग नवी असेल, तर जुनी उत्तरे इंजिनापुरतीच घ्यावीत. इंजिन, गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स तिन्ही नवे असतील, तर ती गाडी यादीत 'माहिती नाही' अशा वेगळ्या रकान्यात लिहावी आणि शक्य असल्यास वर्षभर थांबावे. थांबणे शक्य नसेल तर एक्सटेंडेड वॉरंटीची किंमत गाडीच्या किमतीत धरूनच तिची इतर गाड्यांशी तुलना करावी.